पाकीट पोचले, पत्र पोचले का?
रजिस्टर एडी, ईमेल आणि पोचल्याचा पुरावा : एक आढावा

नागपूरच्या पूर्व भागातल्या लकडगंजात लाकडाच्या टाली आणि आरागिरण्या पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान इथे उतरते, चिरले जाते आणि विदर्भातल्या सुतारांकडे, फर्निचरवाल्यांकडे बऱ्याचदा उधारीवर जाते. उधारीचा चेक वटला नाही की आधी फोन होतो, मग माणूस जातो, आणि शेवटी वकिलाची नोटीस जाते. ही नोटीस रजिस्टर एडीने पाठवायची, की ईमेलने पाठवली तरी चालते, हा प्रश्न गेली काही वर्षे व्यापारी, वकील आणि न्यायालये यांच्यासमोर आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्टाचा स्वतंत्र प्रकार स्पीड पोस्टात मिसळल्यामुळे हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

कार्यालयीन पत्रे अनेक प्रकारची असतात. या आढाव्यासाठी चेक न वटल्याच्या नोटिशीचे उदाहरण घेतले आहे, कारण तिथे पत्र पोचल्याच्या तारखेवरच पुढची सगळी मुदत मोजली जाते. पुरावा एका दिवसाने चुकला तरी दावा अडचणीत येऊ शकतो. पत्राच्या पुराव्यातले बळ आणि उणिवा दोन्ही या एका उदाहरणात स्पष्ट दिसतात.

पार्श्वभूमी : गृहीतक कुठून आले

पत्र पोचल्याचा प्रत्यक्ष साक्षीदार सहसा नसतो. पाठवणारा पोस्टाच्या खिडकीपर्यंत जातो आणि तिथून पुढे त्याच्या डोळ्यांआड सगळे घडते. म्हणून कायद्याने एका गृहीतकाचा आधार घेतला. 1872 च्या पुरावा कायद्यातल्या कलम 114 नुसार कामकाजाचा नेहमीचा क्रम पाळला गेला असे न्यायालय गृहीत धरू शकत असे. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 27 ने त्याला टपालापुरते नेमके रूप दिले. पत्ता बरोबर असावा, टपालखर्च आधी भरलेला असावा आणि पत्र नोंदणीकृत टपालाने टाकलेले असावे. या तीन गोष्टी सिद्ध झाल्या की, उलट सिद्ध होईपर्यंत, टपालाच्या नेहमीच्या वेळेत पत्र पोचले असे मानले जाते.

यात पोचपावतीचा, म्हणजे एडी कार्डाचा, उल्लेख नाही. गृहीतक उभे राहते ते बरोबर पत्ता आणि नोंदणी यांवर. कार्ड परत आले तर पुरावा पक्का होतो, पण कार्ड हरवले म्हणून गृहीतक संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5 मधल्या नियम 9 मध्येही हीच भूमिका आहे. समन्स योग्य पत्त्यावर रजिस्टर एडीने पाठवले असेल आणि पावती हरवली किंवा तीस दिवसांत आली नाही, तरी न्यायालय ते बजावले गेल्याचे जाहीर करू शकते.

नोंदणी नसलेल्या टपालाला हा मान मिळाला नाही. पूर्वी ‘सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’ ही स्वस्त सोय होती. पत्र साध्या टपालाने जाई आणि पाठवणाऱ्याला फक्त शिक्का मारलेला कागद मिळे. असा शिक्का कधीही मिळवणे कठीण नाही, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये म्हटले. 2011 मध्ये टपाल खात्याने ती सोय बंद केली.

ईमेलला कायद्यात जागा मिळाली ती 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने. कलम 4 नुसार, लेखी स्वरूपाची अट असेल तिथे इलेक्ट्रॉनिक मजकूर चालतो. कलम 12 पोच कशी धरावी ते सांगते, आणि कलम 13 पाठवल्याची व मिळाल्याची वेळ ठरवते. 2002 पासून दिवाणी संहितेतल्या समन्स बजावण्याच्या मार्गांमध्येही रजिस्टर पोस्ट, स्पीड पोस्ट आणि कुरिअर यांच्या जोडीला ईमेल आला. म्हणजे ईमेल कायद्याला चालतो की नाही, हा वाद केव्हाच मिटला आहे. तो पोचला हे कशाने दाखवायचे, यावर मात्र चर्चा चालू आहे.

एक उदाहरण तारखांसह

समजा, लकडगंजातल्या एका टालवाल्याने यवतमाळच्या फर्निचर कारखानदाराला 1,85,000 रुपयांचे सागवान दिले. त्याबद्दल आलेला चेक खात्यात पुरेशी रक्कम नाही म्हणून परत आला आणि बँकेचा रिटर्न मेमो 6 जानेवारी 2026 ला हाती पडला. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 प्रमाणे ही माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. वकिलाने 20 जानेवारीला नोटीस टपालाने पाठवली आणि ती 24 जानेवारीला यवतमाळला पोचली.

आता मोजणी सुरू होते. नोटीस मिळाल्याचा दिवस सोडून पंधरा दिवस कारखानदाराला पैसे देण्यासाठी मिळतात, म्हणजे 25 जानेवारी ते 8 फेब्रुवारी. या मुदतीत पैसे आले नाहीत तर 9 फेब्रुवारीला तक्रारीचे कारण निर्माण होते. तो दिवस सोडून एक महिना मोजला की तक्रार दाखल करण्याचा शेवटचा दिवस 9 मार्च येतो. त्यानंतर गेले तर उशिराचे सबळ कारण न्यायालयाला पटवावे लागते. घाई करून 8 फेब्रुवारीच्या आत तक्रार केली तर ती तक्रारच धरली जात नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल आहे. ही दोन्ही टोके 24 जानेवारी या एका तारखेवर टांगलेली आहेत, आणि ती तारीख पुराव्याने दाखवावी लागते.

समजा, तीच नोटीस 20 जानेवारीला सकाळी ईमेलनेही पाठवली. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार ती त्याच दिवशी मिळाली असे धरले, तर पंधरा दिवस 4 फेब्रुवारीला संपतात, तक्रारीचे कारण 5 फेब्रुवारीला निर्माण होते आणि शेवटचा दिवस 5 मार्च येतो. एकाच नोटिशीच्या दोन मार्गांनी दोन वेगळ्या मुदती तयार होतात. दोन्ही मार्ग वापरणाऱ्याने दोन्ही हिशेब मांडावेत आणि दोहोंत बसणारा काळ निवडावा हे शहाणपणाचे. इथे तक्रार 10 फेब्रुवारी ते 5 मार्चच्या दरम्यान दाखल केली, तर कोणतीही तारीख ग्राह्य धरली गेली तरी ती वेळेतच ठरते.

नोटीस कुठून गेली आणि कुठे पोचली, यावरून तक्रारीचे न्यायालय ठरते का, असाही एके काळी वाद होता, आणि त्याचा निर्णायक खटला विदर्भातूनच गेला. चेक भंडाऱ्याच्या बँक शाखेवर काढलेला होता आणि तक्रार यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या न्यायालयात झाली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिग्रसच्या न्यायालयाला अधिकार नाही असे ठरवले. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात ‘दशरथ राठोड’ या नावाने ऑगस्ट 2014 मध्ये निकाली निघाले आणि चेक ज्या बँकेवर काढला तिथले न्यायालय खरे, असे ठरले. 2015 मध्ये कायदा बदलून चेक घेणाऱ्याच्या खात्याची शाखा जिथे असेल तिथे तक्रार करण्याची सोय झाली. त्यामुळे लकडगंजच्या टालवाल्याचे खाते नागपुरात असेल तर त्याची तक्रार नागपुरात चालते. ठिकाणाचा वाद असा मिटला, पण तारखेचा प्रश्न पत्राच्या पुराव्यावरच अवलंबून राहिला.

रजिस्टर एडीची बाजू

रजिस्टर एडीचा आग्रह धरणाऱ्यांचे मुख्य म्हणणे असे की, इथे पत्र पोचल्याची साक्ष तिसरा, सरकारी आणि निःपक्ष माणूस देतो. पोस्टमन दोन्ही पक्षांपैकी कोणाचाही नसतो. खिडकीवरची पावती, तिच्यावरचा तेरा अक्षरांचा क्रमांक (दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी IN) आणि परत आलेले सहीचे कार्ड हा पुरावा कोणत्याही न्यायालयाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे बळ असे की, पत्र नाकारूनही सुटका होत नाही. परत आलेल्या पाकिटावर पोस्टमन शेरा मारतो, आणि प्रत्येक शेऱ्याचे कायद्यातले वजन वेगळे असते. ‘रिफ्युज्ड’ म्हणजे घेण्यास नकार. ‘अनक्लेम्ड’ म्हणजे पोस्टात सूचना देऊन ठेवले, पण कोणी नेले नाही. पत्ता बरोबर असेल तर या दोन्ही शेऱ्यांना न्यायालये नोटीस बजावल्यासारखेच धरतात. ‘दुकान बंद’, ‘घरी नाही’ या शेऱ्यांबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये अशीच भूमिका घेतली. पण ‘लेफ्ट’ म्हणजे जागा सोडून गेले, ‘नॉट नोन’ म्हणजे या नावाचे कोणी नाही, किंवा ‘इन्सफिशियंट अ‍ॅड्रेस’ म्हणजे अपुरा पत्ता, हे शेरे उलट दिशेने बोलतात. गृहीतकाची पहिली अटच बरोबर पत्त्याची आहे, आणि हे शेरे त्या अटीवरच शंका घेतात.

लकडगंजसारख्या वस्तीत हा धोका खरा आहे. एकाच आवारात दोन-तीन भावांच्या टाली असतात, पेढीचे नाव जुने आणि मालक नवा असतो, आणि पत्ता म्हणून फक्त चौकाचे नाव लिहिण्याची सवय असते. नोटिशीवर पेढीचे नाव, मालकाचे किंवा भागीदाराचे नाव, प्लॉट क्रमांक आणि पिनकोड हे सगळे यावे. पुरवठ्याच्या बिलावर किंवा जीएसटी नोंदणीत जो पत्ता आहे तोच लिहावा, म्हणजे पत्ता चुकीचा होता असे समोरच्याला म्हणता येत नाही. घराचा पत्ता माहीत असेल तर दुसरी प्रत तिथे पाठवावी.

2007 मधल्या ‘अलवी हाजी’ निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. नोटीस मिळालीच नाही, असे ज्याचे खरेच म्हणणे आहे, त्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम भरावी आणि तक्रार फेटाळण्याची विनंती करावी. समन्सासोबत तक्रारीची प्रत मिळूनही जो पैसे भरत नाही, त्याला नोटीस मिळाली नव्हती ही तक्रार पुढे नेता येत नाही. प्रामाणिक माणसाला दार उघडे राहते आणि केवळ वेळ काढणाऱ्याचे दार बंद होते.

रजिस्टर एडीच्या उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे पोस्ट पाकिटाची साक्ष देते, आतल्या कागदाची देत नाही. ‘पाकीट आले, पण आत कोरा कागद होता’ असे कोणी म्हटले तर एडी कार्ड त्याला उत्तर देत नाही. त्यामुळे सही केलेली कार्यालयीन प्रत, तिच्यावर लिहिलेला पावतीचा क्रमांक आणि पाकीट बंद करणाऱ्या माणसाची साक्ष यांची गरज पडते. दुसरी उणीव सहीची. कार्डावर सही मालकाची नसून दिवाणजीची, चौकीदाराची किंवा शेजारच्या टालीतल्या माणसाची असू शकते. तिसरी उणीव म्हणजे गृहीतक खोडता येते. पत्त्यावरचा माणूस त्या काळात दुसऱ्या गावी राहत होता हे सिद्ध झाले तर गृहीतक टिकत नाही.

1 ऑक्टोबर 2025 नंतरची खिडकी

आता पोस्टाच्या खिडकीवर ‘रजिस्टर पोस्ट’ असे स्वतंत्र काउंटर शोधून उपयोग नाही. स्पीड पोस्ट हा मूळ प्रकार आहे आणि ‘नोंदणी’ ही त्यावर जोडायची सेवा झाली आहे. नव्या दरांनुसार 50 ग्रॅमपर्यंतच्या पत्राला गावातल्या गावात 19 रुपये आणि बाहेरगावी 47 रुपये लागतात. नोंदणीसाठी प्रत्येक पत्राला 5 रुपये अधिक, आणि जीएसटी वेगळा. दोन पानांची नोटीस 50 ग्रॅमच्या आतच बसते.

ही 5 रुपयांची सेवा किरकोळ वाटते, पण तिच्यातच फरक आहे. साधे स्पीड पोस्ट पत्त्यावर दिले जाते, तर नोंदणी असलेले पत्र पत्त्यावरच्या व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाला सही घेऊन दिले जाते. खिडकीवर नुसते ‘स्पीड पोस्ट करा’ म्हटले तर नोंदणी होत नाही. म्हणून ‘नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोचपावती’ असे स्पष्ट सांगावे, आणि छापील पावतीवर नोंदणीचे शुल्क लागले आहे का ते तिथेच पाहून घ्यावे.

जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 27 मध्ये आजही ‘नोंदणीकृत टपाल’ हेच शब्द आहेत. स्पीड पोस्टने गेलेल्या नोटिसा न्यायालयांनी यापूर्वीही मान्य केल्या आहेत, त्यामुळे घाबरण्यासारखे काही नाही. पण नोंदणीची सेवा जोडली की कायद्यातला शब्द आणि हातातली पावती एकमेकांना जुळतात, आणि वादाला जागाच उरत नाही.

ईमेलची बाजू

ईमेलच्या बाजूचे पहिले म्हणणे नेमके तिथे आहे, जिथे टपाल कमी पडते. ईमेल मजकुराची साक्ष देतो. नोटिशीचा शब्द न् शब्द, जोडलेला रिटर्न मेमो आणि बिलाची प्रत हे सगळे एका नोंदीत तारीख आणि सेकंदासह राहते. ‘आत कोरा कागद होता’ असे इथे म्हणता येत नाही.

दुसरे म्हणणे कायद्याचे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 13 नुसार ईमेल पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक यंत्रणेत शिरला की तो पाठवला गेला असे धरले जाते. समोरच्याने ईमेल स्वीकारण्यासाठी एखादा पत्ता ठरवून दिला असेल, तर त्या पत्त्यावरच्या यंत्रणेत तो शिरला की मिळाला असे धरले जाते, उघडून वाचला की नाही याला इथे महत्त्व नाही. पण ठरवून दिलेल्या पत्त्याऐवजी भलत्याच पत्त्यावर पाठवला, तर समोरच्याने तो प्रत्यक्ष काढून घेतल्यावरच मिळाला असे होते. म्हणून ईमेलच्या पुराव्याची तयारी भांडण होण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या बिलावर सुरू होते. ‘या व्यवहाराची सर्व पत्रे पुढील ईमेलवर पाठवावीत’ अशी एक ओळ आणि खरेदीदाराची सही बिलावर किंवा ऑर्डरवर असेल, तर पुढे मोठा वाद वाचतो.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये चेक नोटिशीबाबत हीच दिशा घेतली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 13 च्या अटी पूर्ण होत असतील तर ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने दिलेली कलम 138 ची नोटीसही वैध, असे त्या न्यायालयाने म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका वसुली प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस पोचली आणि उघडली गेल्याच्या खुणा पाहून ती बजावणी मान्य केली होती. करोनाच्या काळात, जुलै 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नोटिसा आणि समन्स ईमेलने बजावण्यास मुभा दिली. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या माध्यमाने बजावले तर त्याच दिवशी ईमेलही करावा, असेही सांगितले.

मात्र ही मुभा सगळीकडे लागू नाही. फौजदारी तपासात पोलिसांनी आरोपीला हजर राहण्यासाठी द्यायची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपने चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले. तिथे माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असतो. ज्या पत्राचा परिणाम जितका गंभीर, त्या पत्राच्या पोचीबद्दल न्यायालये तितकी काटेकोर असतात.

ईमेलचा पुरावा कसा तुटतो

ईमेलच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे स्क्रीनशॉट छापून फाईलला लावणे आणि निश्चिंत होणे. स्क्रीनशॉट हे चित्र आहे. ते सहज बदलता येते आणि मूळ ईमेल कोणत्या वाटेने गेला हे त्यात दिसत नाही. मूळ ईमेल `.eml` स्वरूपात उतरवून ठेवावा. त्यात वर असलेल्या ओळींत, ज्यांना हेडर म्हणतात, ईमेलचा वेगळा क्रमांक आणि वेळ असते. पाठवलेल्या प्रतीत त्या साधारण अशा दिसतात:

```
Message-ID: <20260120114207@example.in>
Date: Tue, 20 Jan 2026 11:42:07 +0530
```

समोरच्याच्या यंत्रणेने ईमेल स्वीकारल्याची नोंद मात्र पाठवलेल्या प्रतीत नसते. ती पाठवणाऱ्याच्या मेल सर्व्हरच्या नोंदवहीत असते. ‘550 5.1.1’ असा आकडा घेऊन परतलेला ईमेल म्हणजे तो पत्ता अस्तित्वातच नाही, असा बहुधा अर्थ असतो, आणि तो ईमेल पोचलेला नाही. असा ईमेल परतला की त्याच दिवशी दुसऱ्या पत्त्यावर पाठवावा, आणि परतीची नोंदही जपून ठेवावी. ईमेल परतला नाही याचा अर्थ मात्र तो वाचला गेला असा होत नाही. तो स्पॅममध्ये पडला असेल, किंवा नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाच्या खात्यात पडून असेल. ‘वाचल्याची पोच’ मागितली तरी ती पाठवायची की नाही हे वाचणाऱ्याच्या हातात असते. सर्वांत चांगला पुरावा म्हणजे उत्तर. ‘आपला ईमेल मिळाला, पंधरा दिवस द्या’ अशी एक ओळ आली, तर कलम 12 च्या भाषेत ती पोच झाली.

न्यायालयात ईमेलची छापील प्रत ठेवायची असेल तर प्रमाणपत्र लागते, आणि हा धडा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने देशाला दिला. जालना विधानसभा मतदारसंघातल्या 2014 च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला का, हे सांगणाऱ्या चित्रीकरणाच्या सीडींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. 14 जुलै 2020 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की मूळ उपकरणच हजर केले तर प्रमाणपत्र नको, पण त्यावरून काढलेली प्रत दाखल करायची तर पुरावा कायद्याच्या कलम 65 ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे.

1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, आणि ही तरतूद आता कलम 63 मध्ये आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्यालाच जोडलेला असून त्याचे दोन भाग आहेत. पहिला नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचा हॅश, म्हणजे तिचा अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, लिहावा लागतो. विंडोज संगणकावर तो असा निघतो:

```
certutil -hashfile notice.eml SHA256
```

फाईलमधले एक अक्षर बदलले तरी हा आकडा पूर्ण बदलतो. म्हणून ईमेल पाठवला त्याच दिवशी तो काढून नोंदवहीत लिहून ठेवला, तर दोन वर्षांनी फाईल जशीच्या तशी आहे हे दाखवता येते. हे काम अवघड नाही, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि खटला उभा राहीपर्यंत संगणक बदललेला असतो.

अजून न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न तारखेचा. एकच नोटीस ईमेलने आधी आणि टपालाने नंतर पोचली, तर पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून? कायद्याचे शब्द दोन्ही बाजूंनी वाचता येतात. वर दाखवल्याप्रमाणे दोन्ही मुदतींत बसणारा काळ निवडणे हाच सध्याचा सुरक्षित मार्ग आहे.

दुसरा प्रश्न टाळाटाळीचा. टपालात नकाराला वजन आहे, कारण पोस्टमनने तो पाहिला आणि लिहिला. ईमेल न उघडणे हा तसाच नकार मानावा का? कलम 13 चा रोख ‘शिरला म्हणजे मिळाला’ असा आहे. पण ज्याने कधी ईमेलचा पत्ता ठरवूनच दिला नाही, अशा लहान सुताराला हाच न्याय लावणे त्याच्यावर अन्याय ठरू शकते. विदर्भातल्या अनेक लहान कारागिरांचा ईमेल हा मोबाइल विकणाऱ्या दुकानदाराने फोन चालू करण्यापुरता काढून दिलेला असतो. तो त्यांना आठवतही नाही.

तिसरा प्रश्न नोंदींच्या आयुष्याचा. टपाल खात्याच्या संकेतस्थळावरची पत्राची वाटचाल कायमची तिथे राहत नाही, आणि खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो. ईमेल खाती बंद होतात, कंपन्या सर्व्हर बदलतात. दोन्ही पुरावे वेळीच उतरवून घेतले नाहीत तर ते विरतात.

आढाव्याचा निष्कर्ष

दोन्ही बाजू पाहिल्यावर असे दिसते की टपाल आणि ईमेल एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत, ते एकाच पुराव्याचे दोन अर्धे भाग आहेत. टपाल सांगते की पत्त्यावर कोणीतरी अमुक दिवशी पाकीट घेतले किंवा नाकारले. ईमेल सांगतो की अमुक क्षणी अमुक मजकूर गेला. ज्या पत्रावर मुदत, पैसा किंवा हक्क अवलंबून आहे ते नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवावे, त्याची स्कॅन केलेली सहीची प्रत त्याच दिवशी ईमेलने पाठवावी, आणि नोटिशीतच ‘ही नोटीस टपाल व ईमेल या दोन्ही मार्गांनी पाठवली आहे’ असे लिहावे. पावतीचा क्रमांक पत्र पोस्टात दिल्यावरच मिळतो, म्हणून तो ईमेलच्या मजकुरात लिहावा. त्यामुळे टपालाचे पाकीट आणि ईमेलचा मजकूर एकमेकांशी जोडले जातात, आणि आत काय होते या प्रश्नालाही उत्तर मिळते. रोजच्या चौकशीच्या आणि आठवण देणाऱ्या पत्रांना ईमेल पुरतो.

मग फाईलमध्ये या गोष्टी असाव्यात: सहीची कार्यालयीन प्रत, पोस्टाची मूळ पावती, पत्र पोचले त्याच आठवड्यात छापून घेतलेला वाटचालीचा कागद, एडी कार्ड किंवा परत आलेले पाकीट, आणि ईमेलची `.eml` फाईल तिच्या हॅशसह. एडी कार्ड महिनाभरात आले नाही तर पावतीची झेरॉक्स जोडून पोस्टमास्तरांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पत्र कधी, कोणाला दिले याचा दाखला मागावा. पोस्टाची पावती शाई उडणाऱ्या कागदावर छापलेली असेल तर तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी, नाहीतर वर्षभरात कागद कोरा होतो.

आणि एक गोष्ट विसरू नये. ‘अनक्लेम्ड’ किंवा ‘रिफ्युज्ड’ शेरा मारून परत आलेले पाकीट उत्सुकतेने फोडू नये. ते बंदच ठेवावे, तसेच वकिलाकडे द्यावे आणि न्यायालयासमोरच उघडू द्यावे. न फोडलेले ते पाकीट, वरच्या पत्त्यासह आणि पोस्टमनच्या शेऱ्यासह, आत काय होते याचाही पुरावा आहे.